विमानाचं दार किती वाजता उघडलं?

"उघडलं एकदाचं दार. पाय आखडलेत. सामान घेऊन फोन करते."

सप्टेंबर 2024 मधल्या एका पहाटे 5 वाजून 27 मिनिटांनी ताईने मुंबई विमानतळावरून हा मेसेज पाठवला. ताई म्हणजे माझी आत्तेबहीण, नाशिकला असते. मुलाकडे जर्मनीत दीड महिना राहून ती आणि भाऊजी परत येत होते. विमान फ्रँकफर्टहून दुपारी सुटून रात्री सव्वा वाजता मुंबईत पोचायचं होतं, ते पहाटे पोचलं. विमान कंपनीशी पुढे अडीच महिने जी पत्रापत्री झाली, त्यात या एका ओळीच्या मेसेजने दोघांचे मिळून 600 युरो वाचवले. ते कसे, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आधी एक गैरसमज. "विमान लेट झालं की पैसे मिळतात" असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं. पुण्याहून दिल्लीला जाणारं विमान पाच तास उशिरा सुटलं तर भारतीय नियमांनुसार रोख भरपाई काही मिळत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमात रोख भरपाई आहे ती विमान आयत्या वेळी रद्द झालं किंवा तिकीट असून चढू दिलं नाही तर. उशिरासाठी ठरावीक तासांनंतर खाणंपिणं, देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, आणि रात्रभर अडकलात तर काही अटींवर हॉटेल, एवढंच आहे. त्यामुळे घरगुती प्रवासात उशिराची भरपाई मागत बसण्यापेक्षा "परतावा द्या, मी दुसऱ्या विमानाने जातो" हे काउंटरवरच मागणं शहाणपणाचं.

उशिराचे ठरलेले, तक्त्यात लिहिलेले पैसे मिळतात ते युरोपच्या नियमात. आणि हा नियम ताई-भाऊजींसारख्या मुलांकडे जाऊन येणाऱ्या आईवडिलांना, विद्यार्थ्यांना, कामासाठी येजा करणाऱ्यांना लागू असतो. प्रवासी कोणत्या देशाचा नागरिक आहे, तिकीट कुठे काढलं, किती स्वस्तात मिळालं, याला त्यात महत्त्व नाही. मैलांच्या पॉइंटवर काढलेलं तिकीटही चालतं.

नियमाचं नाव, जसं अर्जात टाइप करायचं तसं: Regulation (EC) No 261/2004. हा फेब्रुवारी 2005 पासून लागू आहे. गंमत अशी, की त्याच्या मूळ मजकुरात लांबलेल्या विमानाला रोख भरपाई स्पष्टपणे नव्हतीच, ती रद्द झालेल्या विमानाला होती. नोव्हेंबर 2009 मध्ये युरोपीय न्यायालयाने स्टर्जन खटल्यात म्हटलं, की तीन तास किंवा त्याहून उशिरा पोचलेल्या माणसाचा वेळ रद्द विमानाच्या प्रवाशाइतकाच वाया जातो, मग त्यालाही तीच भरपाई हवी. तेव्हापासून तीन तास ही रेषा ठरली. म्हणून नियमाचा नुसता मजकूर वाचून "यात तर उशिराचे पैसे दिसत नाहीत" असं वाटलं, तर तुम्ही चुकीचं वाचलेलं नाही. अर्धा कायदा निकालांमध्ये आहे, एवढंच.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो दिशेचा. युरोपीय संघातल्या विमानतळावरून विमान सुटत असेल तर कंपनी कुठलीही असो, भारतीय, आखाती किंवा युरोपीय, नियम लागू. युरोपबाहेरून युरोपात जात असाल तर मात्र विमान युरोपीय कंपनीचंच हवं. म्हणजे भारतीय कंपनीने मुंबई ते फ्रँकफर्ट गेलात आणि आठ तास उशीर झाला, तर या नियमाखाली काही नाही. त्याच कंपनीने परत आलात आणि तेवढाच उशीर झाला, तर माणशी 600 युरो. एकाच तिकिटावरचे जाणे आणि येणे इथे दोन वेगळे प्रवास धरतात. नॉर्वे, आइसलंड आणि स्वित्झर्लंड यांनाही हाच नियम आहे. ब्रिटनने बाहेर पडताना जवळजवळ हाच नियम स्वतःच्या कायद्यात उतरवून घेतला, तिथे लांबच्या प्रवासाला 520 पौंड आहेत.

"कंपनी" म्हणजे इथे प्रत्यक्ष विमान चालवणारी. तिकीट एका कंपनीचं आणि विमान भागीदार कंपनीचं, हा प्रकार आता सर्रास आहे. तिकिटावर Operated by अशी बारीक ओळ असते, तिथे ज्याचं नाव असेल तीच कंपनी. दावाही तिच्याचकडे करायचा. तिकीट विकणाऱ्या कंपनीला पत्रं लिहीत बसलं, तर महिनाभराने "हे विमान आमचं नव्हतं" असं उत्तर येतं.

मराठी प्रवाशांपैकी पुष्कळजण दुबई किंवा दोहामार्गे जातात, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. पॅरिस ते दुबई आणि दुबई ते मुंबई हे एकाच बुकिंगमध्ये असेल, तर सगळा मिळून एक प्रवास धरला जातो आणि उशीर मुंबईत किती झाला ते मोजतात. पॅरिसहून विमान फक्त पन्नास मिनिटं उशिरा सुटलं, त्यामुळे दुबईचं पुढचं विमान चुकलं आणि मुंबईत सात तासांनी पोचलात, तर उशीर सात तासांचा. पण पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर हिशेब दुबईपर्यंतचाच, आणि पन्नास मिनिटांना काही मिळत नाही. स्वस्तातल्या दोन तिकिटांचा हा तोटा तिकीट काढताना दिसत नाही.

रक्कम अंतरावर ठरते. दीड हजार किलोमीटरपर्यंत 250 युरो, त्यापुढे साडेतीन हजारांपर्यंत 400, आणि त्याहून लांब युरोपबाहेरच्या प्रवासाला 600. फ्रँकफर्ट ते मुंबई साधारण साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही थेट प्रवासाला 600 चाच आकडा. फक्त एक पोटनियम आहे: या लांबच्या प्रवासात उशीर तीन ते चार तासांच्या मधला असेल, तर कंपनी रक्कम निम्मी करू शकते. चार तास ओलांडले की पूर्ण 600. ताईची सगळी लढाई या चार तासांच्या रेषेवर झाली.

ताईच्या विमानाचं असं झालं. सुटायची वेळ दुपारी 1 वाजून 10 मिनिटं. बोर्डिंग सुरू होणार इतक्यात गेटवर घोषणा झाली, तांत्रिक कारणामुळे उशीर होईल. मग दर अर्ध्या तासाने फलकावरची वेळ पुढे सरकत गेली. शेवटी 5 वाजून 25 मिनिटांनी विमान गेटवरून हललं. मुंबईत धावपट्टीला चाकं टेकली भारतीय वेळेनुसार पहाटे 5 वाजून 8 मिनिटांनी. पोचायची वेळ 1 वाजून 15 मिनिटं होती. चाकं टेकण्यापर्यंत मोजलं तर उशीर 3 तास 53 मिनिटं. दार उघडेपर्यंत मोजलं तर 4 तास 12 मिनिटं.

मोजायचं कुठपर्यंत, याचाही निकाल लागलेला आहे. 2014 साली जर्मनविंग्ज आणि हेनिंग या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की "पोचणे" म्हणजे विमानाचं किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरता येऊ लागणे. त्याआधी प्रवासी विमानात कोंडलेलाच असतो, ना त्याला कोणाला भेटता येतं ना आपल्या कामाला लागता येतं. मला हा तर्क फार आवडतो, कारण तो विमान काय करतंय हे न पाहता माणूस काय करू शकतो ते पाहतो.

आता कागदपत्रं. ही यादी लोक घरी आल्यावर शोधतात, खरं तर ती विमानतळावरच गोळा होत असते.

पहिलं, तिकिटाचा ईमेल. त्यात सहा अक्षरांचा पीएनआर असतो आणि त्याशिवाय तेरा आकडी तिकीट क्रमांक. दोन्ही लागतात. एजंटाने फक्त व्हॉट्सअॅपवर प्रवासाची वेळापत्रकवजा पीडीएफ पाठवली असेल, तर त्याच्याकडून तिकीट क्रमांक असलेली प्रत मागून घ्या. सहलीच्या ग्रुपबरोबर गेलेल्यांकडे ही प्रत बहुधा नसते, कारण सगळी तिकिटं सहल कंपनीकडे असतात.

दुसरं, बोर्डिंग पास. कागदी असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाइलमधला असेल तर स्क्रीनशॉट घ्या, कारण प्रवास झाल्यावर अॅपमधून तो बऱ्याचदा गायब होतो. पास हरवला म्हणून दावा बुडत नाही. 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं आहे, की पक्कं बुकिंग असलेल्या आणि प्रवास केलेल्या माणसाला केवळ पास दाखवला नाही म्हणून नाकारता येत नाही. पण पास असेल तर एक पत्र कमी लिहावं लागतं.

तिसरं, उशिराचं कारण. ही गोष्ट लोक विसरतात, आणि भांडण नेमकं याच्यावरच होतं. गेटवरच्या फलकाचा फोटो, अॅपवर किंवा एसएमएसवर आलेला उशिराचा संदेश, आणि शक्य असेल तर काउंटरवरच्या माणसाकडून कारण लिहून घेणं. ताईने लिहून घेतलं नव्हतं, पण भाऊजींना विमानाचं भलतं कौतुक. काचेतून त्यांनी विमानाचे फोटो काढले होते, त्यात पिवळं जाकीट घातलेला तंत्रज्ञ शिडीवर चढून इंजिनाचं झाकण उघडताना दिसतो. शेजारच्या गेटवरून दुसऱ्या कंपन्यांची विमानं वेळेवर सुटत होती, तो मोठा फलकही एका फोटोत आला होता. हवामान खराब असतं तर ती सुटली नसती.

चौथं, पोचल्याची वेळ. फ्लाइटरडार24 सारख्या साइटवर चाकं टेकल्याची वेळ मिळते, पण दार उघडल्याची मिळत नाही. जुन्या उड्डाणांची माहिती फुकटात काही दिवसच दिसते, म्हणून स्क्रीनशॉट लगेच घ्यावा. दार उघडल्याचा पुरावा प्रवाशानेच तयार करायचा असतो. लोक उठून रांगेत सरकायला लागले, की फोनने एक फोटो काढायचा किंवा घरी एक मेसेज टाकायचा. फोटोच्या माहितीत वेळ आपोआप नोंदली जाते. कंपनीकडेही नेमकी नोंद असते, कारण विमान गेटवरून हलल्याची, उडाल्याची, उतरल्याची आणि गेटला लागल्याची वेळ विमानातली यंत्रणा स्वतःच पाठवते. पण ती नोंद कंपनीच्या हातात असते, तुमच्या नव्हे.

पाचवं, खर्चाची बिलं. ताई-भाऊजींना कंपनीने दिलेल्या कूपनात एक सँडविच आणि पाणी आलं. बाकी सूप, पाव आणि चहाचं 31 युरो 40 सेंटचं बिल त्यांनी स्वतः भरलं. युरोपातली बिलं बहुतेक थर्मल कागदावर असतात, नाशिकच्या कपाटात चार महिन्यांत कोरी होतात. टेबलावर ठेवून लगेच फोटो काढावा. हे बिल 600 युरोंच्या वेगळं मिळतं. उशीर झाल्यावर खाणं, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथवरचं येणंजाणं, ही कंपनीची स्वतंत्र जबाबदारी आहे. 2010 मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद पडलं, तेव्हा भरपाई देय नव्हती, पण जेवण आणि हॉटेल देय होतं, असा निकाल 2013 मध्ये लागला. म्हणजे निसर्गाच्या कोपातही खाण्याचं बिल कंपनीचंच. बिल मात्र वाजवी हवं. उपाशी राहिलं तर बिल नाही आणि वाइनची बाटली मागवली तर बहुधा नाकारतील.

मुंबईत टॅक्सी चार तास थांबली, तिच्या वेटिंगचे पैसे ताईला हवे होते. ते या तक्त्यातल्या हक्कात येत नाहीत. प्रत्यक्ष नुकसानीसाठी माँट्रियल करार हा वेगळा रस्ता आहे, तिथे एकेक रुपयाचं नुकसान सिद्ध करावं लागतं आणि मुदत दोन वर्षांची असते. शिवाय 600 युरो मिळाले असतील तर ते त्यातून वजा होऊ शकतात. मी ताईला म्हटलं, ते सोड.

फ्रँकफर्टच्या गेटवरच सगळ्यांच्या मोबाइलवर एक लिंक आली होती: गैरसोयीबद्दल 200 युरोचं प्रवास कूपन, "स्वीकारा" बटण दाबा. भाऊजी दाबणारच होते. मी फोनवर थांबवलं, कारण बटणाच्या वरच्या बारीक मजकुरात लिहिलं होतं की यामुळे या उड्डाणाबद्दलचे सर्व दावे मिटले. भरपाई रोख, बँकेत किंवा चेकनेच द्यायची, कूपन द्यायचं तर प्रवाशाची सही हवी, असं नियमातच आहे. अपुऱ्या माहितीमुळे कमी घेतलं तरी उरलेलं मागता येतं, अशी तरतूदही आहे. पण बटण दाबून मग ते सिद्ध करत बसण्यापेक्षा न दाबलेलं बरं.

दावा कसा केला, ते सांगतो. कंपनीच्या साइटवर भरपाईचा फॉर्म असतो, तो बहुधा "मदत" किंवा "तक्रार" या भागात खोल दडवलेला. ताई आणि भाऊजी एकाच बुकिंगवर असल्याने एकच फॉर्म भरला, पण दोघांची नावं, दोघांचे तिकीट क्रमांक आणि माणशी रक्कम वेगळी लिहिली. फक्त "आम्हाला 600 युरो द्या" लिहिलं तर एकाचेच आले की पुन्हा सुरुवात. लहान मुलांनाही माणशी तेवढीच रक्कम मिळते, फक्त तिकीट अगदी फुकट असेल तर नाही.

फॉर्ममधल्या मोकळ्या चौकटीत आम्ही सहा ओळी इंग्रजीत लिहिल्या. पहिल्या ओळीत उड्डाण क्रमांक आणि तारीख. दुसरीत ठरलेली पोचायची वेळ, दार उघडल्याची वेळ आणि उशीर: 4 तास 12 मिनिटं. तिसरीत नियमाचं नाव आणि माणशी 600, दोघांचे 1200 युरो. चौथीत खाण्याचं 31 युरो 40 सेंटचं वेगळं बिल. पाचवीत रक्कम बँकेत हवी, कूपन नको. सहावीत, नाकारणार असाल तर नेमकं कारण कागदपत्रांसह कळवा. ताईची तब्येत, पाय सुजले, मन किती दुखावलं, यातलं काही नाही. पलीकडे बसलेला माणूस वेळ आणि कारण एवढंच तपासतो. त्याला भावना दिल्या, तर तो उत्तरात सहानुभूती देतो आणि पैसे राहतात बाजूला.

एक अडचण हमखास येते: फॉर्म आयबॅन मागतो. भारतीय बँक खात्याला आयबॅन नसतो. काही फॉर्ममध्ये देश भारत निवडला की खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोडची चौकट उघडते, काहींमध्ये नाही. नसेल तर दुसऱ्या चौकटीत लिहायचं, की खातं भारतात आहे, खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड असा. प्रत्येक शाखेला स्विफ्ट कोड नसतो, तेव्हा बँकेला विचारून परदेशी पैसे स्वीकारणाऱ्या शाखेचा कोड घ्यावा. फॉर्म पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट आणि पाठवल्यावर आलेला तक्रार क्रमांक, हे दोन्ही जपून ठेवायचं.

वीस दिवसांनी उत्तर आलं. "आमच्या नियंत्रणाबाहेरच्या परिचालन कारणामुळे" भरपाई देय नाही.

हे वाक्य शेकडो प्रवाशांना येतं आणि त्यातले बरेच तिथेच थांबतात. नियमात सूट आहे ती "असाधारण परिस्थिती"ला, आणि तीही सर्व वाजवी उपाय करूनही टाळता न येणाऱ्या. ते सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे. वादळ, विमानतळ बंद, हवाई नियंत्रकांचा संप, पक्षी धडकणं, हे असाधारण. पण विमानातला बिघाड साधारणपणे त्यात येत नाही. 2008 च्या वॉलेंटिन-हर्मान खटल्यात आणि 2015 च्या व्हान डर लान्स खटल्यात न्यायालयाने हेच म्हटलं: विमान म्हणजे यंत्र, यंत्र बिघडणारच, ते सांभाळणं हे कंपनीचं रोजचं काम. अनपेक्षित बिघाडही त्यातच. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा पगारासाठीचा संपही असाधारण नाही. "परिचालन कारण" हे तर कारणच नाही, तो एक मोठा डबा आहे, त्यात काहीही भरता येतं.

कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सकाळी दुसऱ्या शहरात वादळामुळे अडकलेलं तेच विमान दुपारी तुम्हाला घ्यायला उशिरा आलं, तर कंपनी तो मुद्दा मांडू शकते, थेट संबंध दाखवला तर. म्हणून आपल्या विमानाचं आधीचं उड्डाण फ्लाइटरडार24 वर पाहून घ्यावं. ताईचं विमान आदल्या रात्रीपासून फ्रँकफर्टलाच उभं होतं.

आम्ही तीन ओळींचं उत्तर दिलं. गेटवर तांत्रिक कारण सांगितलं गेलं, फोटो जोडले आहेत. विमान रात्रभर फ्रँकफर्टलाच होतं. तुम्ही म्हणता ती असाधारण परिस्थिती नेमकी कोणती, आणि टाळायला काय केलं, ते लिहा.

मग सूर बदलला. "सद्भावना म्हणून" माणशी 300 युरो देऊ, कारण विमान 5 वाजून 8 मिनिटांनी उतरलं आणि उशीर चार तासांच्या आत आहे. हिशेब व्यवस्थित होता, फक्त घड्याळ चुकीच्या क्षणी थांबवलं होतं. तेव्हा ताईने तिचा मेसेज शोधला. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट, भाऊजींनी उघड्या दाराकडे सरकणाऱ्या रांगेचा काढलेला फोटो आणि हेनिंग खटल्याचा एका ओळीत उल्लेख एवढं पाठवलं. शेवटी लिहिलं, तुमच्या नोंदीत दार उघडल्याची वेगळी वेळ असेल तर ती पाठवा. त्यांनी वेळ पाठवली नाही. बाराव्या दिवशी 1200 युरो आणि खाण्याचं बिल मंजूर झाल्याचा ईमेल आला. बँकेने पैसे कशाचे ते विचारलं, तेव्हा तोच ईमेल दाखवला. तेव्हाच्या दराने लाखाच्या वर रक्कम झाली, बँकेचे थोडे पैसे कापून.

नकारावर ते ठाम राहिले असते, तर पुढचा रस्ता होता. जर्मनीहून सुटलेल्या विमानासाठी तिथल्या प्रवास तक्रारींच्या तडजोड मंडळाकडे प्रवाशाला विनाशुल्क जाता येतं. आधी कंपनीला लिहिलेलं हवं आणि दोन महिने उलटलेले हवेत. कंपनी त्या मंडळाची सदस्य नसेल तर जर्मन सरकारच्या न्याय कार्यालयाचं मंडळ आहे. दोन्हीकडे ऑनलाइन अर्ज चालतो, नाशिकहूनही. दुसरा पर्याय म्हणजे दावे चालवणाऱ्या खासगी कंपन्या. त्या पैसे मिळाले तरच घेतात, पण मिळालेल्या रकमेचा साधारण चौथा हिस्सा किंवा जास्त, कोर्टात गेलं तर निम्म्यापर्यंत. स्वतःची दोन पत्रं फुकट गेल्यावर त्यांच्याकडे जाणं समजण्यासारखं आहे. पहिल्याच दिवशी जाणं म्हणजे सहा ओळींसाठी दोघांमागे 300 युरो मोजणं.

जून 2025 मध्ये युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी तीन तासांची रेषा चार आणि लांबच्या प्रवासाला सहा तासांवर न्यायचा आणि 600 चे 500 करायचा प्रस्ताव मांडला. युरोपीय संसदेने त्याला विरोध केला. तेव्हा तुमच्या प्रवासाच्या तारखेला कोणता आकडा लागू होता, ते दावा करताना एकदा तपासा.

दावा करायची मुदत मात्र सगळीकडे सारखी नाही, ती ज्या देशात दावा चालेल तिथल्या कायद्यावर ठरते. जर्मनीत तीन वर्षं, तीही वर्षअखेरपासून मोजून, म्हणजे ताईला 31 डिसेंबर 2027 पर्यंत वेळ होता. इंग्लंडमध्ये सहा वर्षं. नेदरलँड्समध्ये फक्त दोन.

पैसे आल्यावर ताईने जुने ईमेल उकरायला घेतले आणि एका संध्याकाळी फोन केला. 2022 च्या मे महिन्यात तिची जाऊ अॅमस्टरडॅमहून थेट विमानाने येताना साडेपाच तास उशिरा पोचली होती, तिकीटही सापडलं, बोर्डिंग पासही. "तिचेही 600 ना?" मी तारीख पुन्हा विचारली. कागद सगळे होते, दोन वर्षं उलटून सात महिने झाले होते.